दुकानाचे आणि घरचे पैसे वेगळे कसे करावेत, आणि मालकाने पगार किती व कसा घ्यावा?

प्रश्न: साताऱ्यात माझं मिरची-मसाला कांडपाचं आणि तयार मसाल्याचं दुकान आहे. नोंद माझ्या एकटीच्या नावावर. वर्षाला साधारण २४ लाखांची विक्री होते. गल्ल्यातली रोख आणि क्यूआरचे पैसे, सगळं माझ्या एकाच बचत खात्यात. महिन्याला तीसेक हजार घरात जातात. हिशोबाने नफाही तेवढाच दिसतो, तरी मिरचीवाल्या व्यापाऱ्याची बाकी या वर्षी सत्तर हजारांनी वाढली. सगळे म्हणतात चालू खातं उघड आणि पगार घे. पगार किती घ्यायचा, कागदोपत्री कसा दाखवायचा, आणि खातं उघडायला काय काय लागतं?

उत्तर:

ताई, आधी ‘पगार’ या शब्दाचा निकाल लावू, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. तुमचा व्यवसाय एकल मालकीचा आहे. दुकानाला वेगळा पॅन नाही, तुमचा पॅन तोच दुकानाचा. कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि दुकान एकच, त्यामुळे दुकान तुम्हाला पगार देऊच शकत नाही. दुकानातून घरी नेलेल्या पैशाला जमाखर्चात ‘उचल’ म्हणतात. उचल हा खर्च नाही, ती तुमच्याच भांडवलातली वजावट आहे. मदतनिसांचा पगार नफ्यातून वजा होतो, तुमची उचल होत नाही. वर्षभरात २ लाख उचला की ४ लाख, करपात्र नफा बदलत नाही.

याचे व्यवहारातले परिणाम लक्षात ठेवा. आयकर विवरणपत्रात ही रक्कम ‘पगार’ या सदरात भरायची नाही आणि पगारदारांची प्रमाणित वजावट तिच्यावर मागायची नाही. तुमचे उत्पन्न म्हणजे दुकानाचा नफा, आणि तो धंद्याच्या सदरात एकदाच दाखवायचा. काही जण नफाही दाखवतात आणि उचललेली रक्कम पगार म्हणून पुन्हा दाखवतात, म्हणजे एकाच पैशावर दोनदा कर लावून घेतात. दर महिन्याला चालू खात्यातून बचत खात्यात पैसे वळवताना शेऱ्यात ‘पगार’ न लिहिता ‘उचल’ लिहा. उद्या गृहकर्जाला गेलात तर बँक तुमच्याकडे पगारपत्रक मागणार नाही. ती दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे आणि चालू खात्याचा उतारा मागेल, आणि त्यात दर महिन्याच्या ५ तारखेला जाणारी एकसारखी रक्कम दिसली तर ती तुमच्याच बाजूने बोलते.

हेच दुकान भागीदारीत असते तर काम करणाऱ्या भागीदाराचा मोबदला करारनाम्यात लिहून, आयकर कायद्याने घातलेल्या मर्यादेत, खर्च म्हणून दाखवता आला असता. खासगी मर्यादित कंपनी असती तर संचालकाला खराखुरा पगार मिळाला असता, त्यावर टीडीएस कापावा लागला असता. पण तिथे पगाराखेरीज हवे तेव्हा पैसे काढणेही तितकेच महागात पडते, कारण ती कंपनीने संचालकाला दिलेली उसनवारी ठरते. तुमच्या आकाराच्या दुकानाने फक्त पगार घेता यावा म्हणून कंपनी काढू नये.

आता तुमच्या कोड्याकडे वळू. नफा महिना ३० हजार, उचलही ३० हजार, मग बाकी का वाढली? २४ लाखांच्या विक्रीचे कांडप-मसाला दुकान साधारण कसे चालते ते मांडतो. आकडे अंदाजाचे आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला, रीत तीच राहील.

मिरची, धणे, खडा मसाला, तेल आणि पिशव्या यांवर विक्रीच्या ६५ टक्के, म्हणजे १५ लाख ६० हजार जातात. भाडे महिना ८ हजारांनी ९६ हजार. दोन मदतनीस प्रत्येकी १० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. वीज वर्षभरात ८४ हजार. वाहतूक, जाळ्या बदलणे, मोटरची दुरुस्ती आणि किरकोळ मिळून ६० हजार. एकूण २० लाख ४० हजार. विक्रीतून हे वजा केले की ३ लाख ६० हजार उरतात, महिन्याला बरोबर ३० हजार. तुम्हाला दिसतो तो नफा हाच असावा.

पण कांडप यंत्र कर्जाने घेतलेले असेल तर त्याचा हप्ता यात नाही. महिना ६ हजार धरला तर वर्षाला ७२ हजार. हप्त्यातले व्याज तेवढे खर्चात येते. मुद्दल खर्चात येत नाही, म्हणून नफ्याच्या हिशोबात ते दिसत नाही, पैसे मात्र खात्यातून जातातच. ३ लाख ६० हजारांतून ७२ हजार गेले की घरी नेण्याजोगे २ लाख ८८ हजारच उरतात. तुम्ही नेलेत ३ लाख ६० हजार. मधले ७२ हजार कुठून आले? मिरचीवाल्याच्या उधारीतून. व्यापाऱ्याची बाकी जवळपास तेवढ्यानेच वाढली आहे. घर आणि दुकान एकाच खात्यात असले की ही गोष्ट वर्षभर दिसत नाही, आणि फेब्रुवारीत नवी मिरची भरायच्या वेळी एकदम समोर येते. रोखीने घेणाऱ्याला मिळणारा भाव तुम्हाला मिळत नाही, उधारीचा चढा भाव द्यावा लागतो, आणि पुढच्या वर्षीचा नफा तिथूनच कमी होऊ लागतो.

म्हणून उचलीची रक्कम घरखर्चावरून ठरवू नका. हप्ता फेडून जे उरते त्यातून थोडे दुकानात ठेवा आणि बाकीचे बाराने भागा. २ लाख ८८ हजारांपैकी ४८ हजार दुकानात ठेवले तर २ लाख ४० हजार राहतात, म्हणजे महिना २० हजार. पहिल्या वर्षी हे ४८ हजार व्यापाऱ्याची बाकी उतरवायला वापरा. बाकी संपली की त्याच पैशाने पुढची मिरची रोखीने घेता येईल.

३० वरून २० हजारांवर येणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. पण वरचे १० हजार दुकान आजही देत नव्हते. त्यातले ६ हजार व्यापारी देत होता आणि उरलेले ४ हजार दुकानाच्या उद्याच्या गरजेतून जात होते. उचल वाढवायची असेल तर आधी दुकानाचे उरणे वाढले पाहिजे. विक्रीचे किलो तेवढेच राहून भाव सरासरी ३ टक्के वाढले, म्हणजे ५०० रुपये किलोचा मसाला ५१५ ला गेला, तर वर्षाला ७२ हजार जास्त उरतात आणि उचल २६ हजारांपर्यंत जाऊ शकते. गिऱ्हाईक तेवढे तुटणार नाही याची खात्री मात्र एका मोसमात बघून मगच करा.

महिना २० हजार हा झाला वर्षाचा हिशोब. मसाल्याचा धंदा मोसमी, त्यामुळे दर महिन्याला तेवढे खात्यात असतीलच असे नाही. समजा मार्च ते मे या तीन महिन्यांत निम्मी, म्हणजे १२ लाखांची विक्री होते. जून ते सप्टेंबर महिना ८० हजारांवर येते. दिवाळीला पुन्हा थोडी उठते.

पावसाळ्यातला एक महिना घ्या. ८० हजारांच्या विक्रीत मालाचे ६५ टक्के गेले की हातात २८ हजार. भाडे ८, मदतनीस २०, वीज ४ आणि किरकोळ ३ मिळून खर्च ३५ हजार. वर हप्ता ६ हजार. म्हणजे तुम्ही एक रुपयाही न उचलता महिन्याला १३ हजार कमी पडतात. त्यात तुमचे २० हजार धरले की ३३ हजारांची तूट. चार महिन्यांची १ लाख ३२ हजार. नियमित उचल घ्यायची तर हे पैसे मेअखेर बाजूला पडलेले असले पाहिजेत.

मोसमात ते सुटतात का? १२ लाखांवर ३५ टक्क्यांनी ४ लाख २० हजार. तीन महिन्यांचा खर्च आणि हप्ते मिळून १ लाख ६५ हजार धरा, कारण गिरणी दिवसभर चालते तेव्हा विजेचे बिल तिप्पट येते. उरले २ लाख ५५ हजार. तुमची तीन महिन्यांची उचल ६० हजार वजा केली की १ लाख ९५ हजार. त्यातले १ लाख ३२ हजार पावसाळ्याचे. राहिले ६३ हजार. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उचलीसकट साधारण १५ हजारांची तूट येते, ती यातून जाते आणि शेवटी वरचे ४८ हजार उरतात. मे महिन्यात खात्यात दोन लाख दिसतात तेव्हा फ्रिज घ्यावासा वाटतो, लग्नाचा आहेर मोठा होतो. त्या दोन लाखांतला मोठा भाग जून ते सप्टेंबरच्या भाड्याचा, मदतनिसांच्या पगाराचा आणि तुमच्या स्वतःच्या उचलीचा आहे.

आणखी एक फसगत या धंद्यात ठरलेली. वर्षाची मिरची तुम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये भरून ठेवत असाल, तर पावसाळ्यात विकलेल्या मसाल्यातली मिरची आधीच पैसे देऊन घेतलेली असते. त्यामुळे ऑगस्टमध्ये खात्यातली शिल्लक माझ्या हिशोबापेक्षा बरीच जास्त दिसेल. वर वजा केलेले मालाचे ६५ टक्के त्या महिन्यात बाहेर जात नाहीत, खात्यातच पडून राहतात. ते पुढच्या फेब्रुवारीच्या मिरचीचे पैसे आहेत, उचलीचे नाहीत. दर महिन्याला विक्रीचे ६५ टक्के लिहा, त्यातून त्या महिन्यात मालावर प्रत्यक्ष दिलेले वजा करा, आणि उरलेली रक्कम वहीत ‘मिरचीचे’ म्हणून वेगळी लिहून ठेवा. शिल्लक बघताना हा आकडा आधी बाजूला काढायचा.

ही सगळी शिस्त एकाच बचत खात्यात टिकत नाही, म्हणून चालू खाते. त्यातही एक नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बचत खाते धंद्यासाठी नसते. रोज पन्नास ठिकाणांहून पैसे येणारे बचत खाते बँकेच्या नजरेत आले तर ती विचारणा करू शकते, खाते चालूमध्ये बदलायला सांगू शकते, आणि उत्तर मिळेपर्यंत व्यवहार अडू शकतात. शिवाय मोठ्या रोख भरण्याची माहिती बँक आयकर खात्याला कळवते, आणि बचत खात्यासाठी ती मर्यादा चालू खात्यापेक्षा बरीच खाली आहे. दुकानाचा गल्ला बचत खात्यात भरत राहिलात तर विनाकारण नोटिशीचे उत्तर देत बसाल.

खाते उघडायला तुमचे स्वतःचे पॅन, आधार आणि फोटो लागतात. त्याखेरीज दुकान खरोखर चालते याचे, दुकानाच्या नावाचे दोन पुरावे. तुमच्यासाठी सगळ्यात सोपी जोडी म्हणजे उद्यम नोंदणी आणि शॉप अ‍ॅक्ट, ज्याला बँकेत अजून ‘गुमास्ता’ म्हणतात. उद्यम नोंदणी udyamregistration.gov.in या सरकारी संकेतस्थळावर आधारवरून होते आणि तिला शुल्क नाही. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळे बरीच आहेत, म्हणून पत्ता नीट बघून टाका. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे थोडे कामगार असलेल्या दुकानाला परवाना घ्यावा लागत नाही. ऑनलाइन सूचना द्यायची आणि मिळालेली पोच हाच पुरावा. जीएसटी नोंदणी असेल तर तिचे प्रमाणपत्रही चालते. ती नसेल तर केवळ चालू खात्यासाठी घेण्याची गरज नाही. एकच पुरावा असेल तर बँक स्वतःच्या अखत्यारीत, जागेची पडताळणी करून, खाते उघडू शकते, पण शाखेगणिक अनुभव वेगळा येतो, म्हणून दोन घेऊनच जा. मसाल्याचा धंदा असल्याने अन्न नोंदणीची प्रतही बरोबर ठेवा.

अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा नावावरून. उद्यमवर ‘मसाले’, शॉप अ‍ॅक्टवर ‘मसाला उद्योग’ आणि पाटीवर तिसरेच. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी अडते. म्हणून आधी नाव एकदाच कागदावर लिहा, मराठीत आणि इंग्रजीत, आणि दोन्ही नोंदी, शिक्का, पाटी, बिलबुक त्याच अक्षरांत करा. दुसरी अडचण पत्त्याची. दुकान भाड्याचे असेल तर भाडेकरार, घरमालकाच्या नावाचे वीजबिल आणि त्याचे ना-हरकत पत्र हे तिन्ही एकत्र द्या. बँकेचा माणूस जागा बघायला येतो तेव्हा पाटी लागलेली असावी.

कोणत्या बँकेत उघडायचे यापेक्षा काय विचारायचे ते महत्त्वाचे. चालू खात्यावर व्याज मिळत नाही आणि सरासरी शिल्लक राखावी लागते. ही सरासरी महिन्याची धरतात की तिमाहीची, हा पहिला प्रश्न. मोसमी धंद्याला तिमाहीची सोयीची. रोज रात्रीची शिल्लक बेरीज करून दिवसांनी भागतात, त्यामुळे १० हजारांची अट असेल तर ९० दिवसांच्या तिमाहीत ९० हजार रुपये दहा दिवस राहिले तरी अट पुरी होते. दुसरा प्रश्न, महिन्याला किती रोख फुकट भरता येते आणि त्यापुढे काय आकार. तुमच्याकडे रोख जास्त येते, म्हणून एखाद्या खात्याची कमी शिल्लक बघून भुलू नका. रोख भरण्याचा आकार वर्षभरात कमी शिल्लकेच्या दंडापेक्षा जास्त होऊ शकतो. यंत्राचे कर्ज ज्या बँकेत आहे तिथेच विचारणा आधी करा. 

पतसंस्थेतले खाते सोयीचे वाटले तरी दुकानाचे मुख्य खाते तिथे ठेवू नका. ठेव विमा महामंडळाचे ५ लाखांपर्यंतचे संरक्षण बँकांना, सहकारी बँकांनाही, आहे. पतसंस्थांना नाही. आणि हे ५ लाख एका बँकेत एका व्यक्तीला. एकल मालकीत तुमचे बचत खाते, दुकानाचे चालू खाते आणि ठेवी एकाच बँकेत असतील तर सगळ्यांची बेरीज करून ५ लाख धरतात. मोसमात शिल्लक वाढते, म्हणून घरचे बचत खाते दुसऱ्या बँकेत असलेले बरे. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे दोन्ही खाती मोबाइलवर शेजारी-शेजारी दिसत नाहीत आणि सहज हात जात नाही.

खाते हातात आले की बदलाचा एक दिवस ठरवा. नवे आर्थिक वर्ष, म्हणजे १ एप्रिल, हिशोबाला स्वच्छ, पण तुमचा तो ऐन मोसम. जूनची १ तारीख तुम्हाला जास्त मोकळी. त्या दिवशी सकाळी गल्ला मोजा, सुट्ट्यासाठी २ हजार ठेवा आणि बाकी रोख चालू खात्यात भरा. जुन्या बचत खात्यातली दुकानाची रक्कम चालू खात्यात वळवा आणि वहीत ‘भांडवल जमा’ म्हणून लिहा. विक्री म्हणून लिहिले तर विक्री फुगते आणि त्यावरचा कराचा हिशोबही चुकतो. घरातले पैसे नंतर कधी दुकानात घातले तरी हाच नियम.

मग क्यूआर. इथे चुकणारे सगळ्यात जास्त, कारण जुना स्टिकर काउंटरवर तसाच राहतो आणि पैसे जुन्या बचत खात्यात येत राहतात. व्यापारी क्यूआर चालू खात्याला जोडून घ्या, जुने सगळे स्टिकर काढा, कांडप यंत्राजवळचा आणि तराजूमागचाही. तुमचा मोबाइल नंबर टाकून पैसे पाठवणारी जुनी गिऱ्हाइके असतात. त्यांचे पैसे त्या नंबरला जोडलेल्या मुख्य खात्यात जातात, म्हणून दुकानासाठी वेगळा नंबर घ्या आणि तोच बिलावर छापा. शेवटी दुसऱ्याच्या फोनवरून एक रुपया पाठवून तो कुठे पडला ते बघा. भाडे, वीज, यंत्राचा हप्ता यांच्या आपोआप कापल्या जाणाऱ्या सूचना चालू खात्यावर आणा. विम्याचे हप्ते, शाळेची फी आणि घरचा गॅस बचत खात्यावरच राहू द्या. हप्त्याची सूचना बदलायला कधीकधी महिना लागतो, तोवर जुन्या खात्यात एका हप्त्याचे पैसे ठेवा, नाहीतर तो परत जाऊन दंड बसेल.

उचलीसाठी बँकेत कायम सूचना द्या: दर महिन्याच्या ५ तारखेला २० हजार, चालू खात्यातून बचत खात्यात. ५ तारीख अशासाठी की मदतनिसांचा पगार आणि भाडे त्याआधी गेलेले असते. वहीत उचल खाते नावे, बँक खाते जमा. मार्चअखेर वर्षाची सगळी उचल भांडवल खात्याला नावे टाकायची. बस, इतकीच नोंद. मेअखेर पावसाळ्याचे १ लाख ३२ हजार बाजूला काढताना जूनचे ३३ हजार खात्यात ठेवा आणि उरलेल्यांच्या दुकानाच्या नावाने ३३-३३ हजारांच्या तीन मुदतठेवी करा, ३० जून, ३१ जुलै आणि ३१ ऑगस्टला संपणाऱ्या. चालू खात्यात पडून राहण्यापेक्षा थोडे व्याज मिळते. खरा उपयोग हा, की मे-जूनच्या लग्नसराईत त्या पैशांना सहज हात लागत नाही.

बँकेतली बाजू अशी लागली तरी व्यवस्था मोडते ती गल्ल्यावर. संध्याकाळी भाजीला दोनशे, दूधवाल्याला दीडशे, मुलाला शंभर. दिवसाला ३०० धरले तरी महिन्याचे ९ हजार, म्हणजे उचल २० नव्हे, २९ झाली. आणि गल्ला कमी भरल्याने विक्रीच कमी दिसते, त्यामुळे दुकान वाईट चालले असे वाटते. उपाय साधा आहे. घरखर्चाची रोख ५ तारखेलाच बचत खात्यातून काढून घरच्या पाकिटात ठेवा. गल्ल्यातून घ्यावेच लागले तर तारीख आणि रक्कम लिहिलेली चिठ्ठी नोटेच्या जागी ठेवा, रात्री ती उचलीत लिहा आणि पुढच्या महिन्याच्या २० हजारांतून कमी करा. घरी नेलेला मसाला, नणंदेला पाठवलेला दोन किलोचा डबा, हीसुद्धा उचलच. खरेदीच्या भावाने लिहा. उलट दुकानाची वस्तू स्वतःच्या पैशाने आणली तर बिल जपा आणि आठवड्यातून एकदा चालू खात्यातून तेवढेच पैसे परत घ्या, गोल आकड्यात नाही.

कराबद्दल थोडेच. एवढ्या विक्रीला तुम्ही अनुमानित उत्पन्नाची पद्धत घेऊ शकता, ज्याला लोक अजून ४४एडी म्हणतात. रोख विक्रीवर किमान ८ टक्के आणि बँक किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के नफा धरायचा. हे किमान आहे. खरा नफा ३ लाख ६० हजार असेल तर तोच दाखवायचा, दीड-दोन लाख नव्हे. दुसरे काही मोठे उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत एवढ्या नफ्यावर आयकर लागत नाही, आणि खरा आकडा दाखवल्याने कर्जाची पात्रता मात्र वाढते. दाखवलेल्या नफ्यापेक्षा वर्षाची उचल कितीतरी जास्त असेल तर बँकेचा अधिकारी आणि कर अधिकारी दोघेही पहिला प्रश्न तिथेच विचारतात.

ठरवलेली उचल दुकानाला झेपते की नाही हे शिल्लक बघून कळत नाही. वर्षातून एकदा, दर ३१ मेला, एक बेरीज-वजाबाकी करा. बँक, ठेवी, गल्ला, गिऱ्हाइकांकडची येणारी उधारी आणि मालाचा साठा खरेदीच्या भावाने, यांची बेरीज. त्यातून व्यापाऱ्यांचे देणे आणि कर्जाची उरलेली मुद्दल वजा. आलेला आकडा मागच्या ३१ मेच्या आकड्याशी ताडून बघा. वाढला असेल तर वाढीच्या निम्म्यापर्यंत एकदा जादा उचल घ्यायला हरकत नाही, आणि पुढच्या जूनपासून महिन्याची रक्कमही थोडी वाढवता येईल. कमी झाला असेल तर जेवढ्याने कमी झाला त्याला बाराने भागा आणि तेवढी रक्कम महिन्याच्या उचलीतून कमी करा. एक सुधारणा लक्षात ठेवा. यंत्र दरवर्षी जुने होते आणि ते या बेरजेत धरलेले नाही, पण कर्जाची फिटलेली मुद्दल मात्र आकडा वाढवते. म्हणून वाढीतून वर्षभरात फिटलेली मुद्दल आधी वगळा. ती यंत्राच्या झिजेपोटी गेली असे समजायचे.

वर्षाच्या मध्ये दोन खुणांवर नजर असू द्या. व्यापाऱ्याला पैसे द्यायचे दिवस वाढत गेले, आधी पंधरा दिवसांत देत होतात आणि आता चाळीस लागतात, तर उचल जास्त आहे. आणि सलग तीन महिन्यांत दोनदा ५ तारखेशिवाय पैसे काढावे लागले, तर घरखर्चाचा आकडा खरा धरलेला नाही. अशा वेळी घरचा महिन्याचा खर्च शाळेची फी, विमा, सणवार यांसकट पुन्हा लिहून काढा. वर्षातून एकदाच येणारे खर्च बहुतेक वेळा महिन्याच्या हिशोबातून सुटलेले असतात.